चेंडूचं चित्र आधी लावा



आज मला लहान मुलांच्या आठवड्याच्या चित्र-तक्त्याबद्दल बोलायचं आहे. पुष्कळ घरांत तो भिंतीवर लागतो आणि पंधरा दिवसांत विसरला जातो. त्याचं कारण बहुतेक वेळा मांडणीत असतं. आपण आधी अभ्यास लिहितो, मग कामं, आणि उरलेल्या जागेत खेळ.

केंद्र सरकारच्या 2020च्या दप्तर धोरणानुसार दुसरीपर्यंत गृहपाठ नाही आणि तिसरी ते पाचवीला आठवड्याला जास्तीत जास्त दोन तास. समजा, मूल तिसरीत आहे. रोज वीस मिनिटं धरली, तर पाच दिवसांत शंभर मिनिटं होतात. उरलेली वीस शनिवारी चित्र किंवा उपक्रमाला. म्हणजे खेळाला जागा भरपूर आहे.

एका मोठ्या कार्डशीटवर सात उभे रकाने आखा. प्रत्येक वारी जास्तीत जास्त तीनच कार्डं चिमट्यांनी लावा: चेंडू, वही आणि ताट. आधी सातही दिवसांचे चेंडू लावा. ताट म्हणजे घरातलं एकच ठरलेलं काम, उदाहरणार्थ रात्रीच्या जेवणाची पानं घेणं. कार्डाच्या मागची बाजू रंगवा: चेंडूची हिरवी, वहीची निळी, ताटाची पिवळी. काम झालं की मुलानं स्वतःच्या हातानं कार्ड उलटायचं. म्हणून तक्ता त्याच्या डोळ्यांच्या उंचीवर हवा, आपल्या नव्हे. आणि घड्याळातली वेळ लिहू नका. या वयात ‘साडेपाच’पेक्षा ‘दूध प्यायल्यावर’ हे जास्त कळतं.

शनिवारी रात्री सगळ्यांनी तक्त्यासमोर बसावं. समजा, बुधवारी आणि गुरुवारी निळा रंग आहे, पण चेंडू उलटलेलाच नाही. मूल आळशी नाही, गृहपाठानं खेळ खाल्ला आहे. वहीत पाहिलं तर दोन्ही दिवशी तेराचा पाढा दहा-दहा वेळा लिहायला दिलेला सापडेल. मग बाईंशी बोलायचं, मुलाला रागवायचं नाही. पिवळा रंग सतत दिसतच नसेल, तर बहुधा काम चुकीच्या वेळेला ठेवलंय, किंवा मोठंच कुणीतरी घाईघाईनं ते उरकून टाकतंय.

दोन गोष्टी मात्र तक्त्याला मारतात. पहिली, शिक्षा म्हणून चेंडूचं कार्ड काढून घेणं. तसं एकदा केलं, की तक्ता मुलाचा राहत नाही. दुसरी, कार्डं वाढवत नेणं. आंघोळ, दात, शुभंकरोती, सगळं तिथे आलं की मूल बघणंच सोडतं. सांगितल्याशिवाय ते तक्त्याकडे जात नसेल, तर कार्डं कमी करा.

दूर गावी, वीटभट्टीवर किंवा ऊसतोडीला जाणाऱ्या घरात ही मांडणी जशीच्या तशी चालणार नाही, हेही मला ठाऊक आहे. तिथे मुलांवरची कामंच आधी कमी व्हायला हवीत.

शिक्षकांना माझी विनंती आहे: पुढच्या पालकसभेत असा एक तक्ता वर्गात पालकांना सोबत घेऊन बनवा, आणि त्यांनी दाखवलेला न उलटलेला चेंडू तक्रार म्हणून नव्हे, माहिती म्हणून घ्या.