पंचेचाळीस दिवसांचं पिल्लू



कुत्र्याचं पिल्लू घ्यायचं म्हणून चौकशी सुरू केली, की फोनवर एक वाक्य हमखास कानावर पडतं. ‘पंचेचाळीस दिवसांचं आहे, रेडी आहे, आजच घेऊन जा.’ मी आज या पंचेचाळीस दिवसांबद्दल बोलणार आहे, कारण पिल्लांचा वाईट धंदा ओळखायची पहिली खूण त्यातच आहे.

आपल्याकडे कुत्र्यांची पैदास आणि विक्री यांसाठी केंद्र सरकारचे २०१७ सालचे नियम आहेत. त्यांनुसार ८ आठवड्यांच्या, म्हणजे ५६ दिवसांच्या आतलं पिल्लू विकता येत नाही. मग ते पंचेचाळिसाव्या दिवशी का विकतात? पाचव्या-सहाव्या आठवड्यापासून पिल्लं दुधावरून भरपूर खाण्यावर येतात आणि त्यांचा खर्च वाढतो. शिवाय पिल्लू जितकं लहान, तितकं ते गोंडस दिसतं आणि लवकर खपतं. या अकरा दिवसांत विक्रेत्याचे पैसे वाचतात, पिल्लाचं मात्र फार मोठं नुकसान होतं.

आईच्या पहिल्या दुधातून पिल्लाला रोगाशी लढणारी द्रव्यं मिळतात. साधारण सहा ते बारा आठवड्यांच्या काळात ती ओसरत जातात. ती ओसरली तरी लसीचं संरक्षण अजून पक्कं झालेलं नसतं. लसीचा पहिला डोस सहा ते आठ आठवड्यांचा असताना मिळतो. पुढचे डोस तीन-चार आठवड्यांच्या अंतराने, पिल्लू सोळा आठवड्यांचं होईपर्यंत द्यावे लागतात. या नाजूक काळात पिल्लाला आईपासून तोडायचं, खोक्यात घालून रात्रीच्या बसने दुसऱ्या शहरात पाठवायचं आणि चार ठिकाणची पिल्लं ठेवलेल्या खोलीत उतरवायचं, म्हणजे पार्व्होला आमंत्रणच. आणखी एक नुकसान लगेच दिसत नाही. किती जोरात चावलं की दुसऱ्याला दुखतं, हे पिल्लू याच आठवड्यांत भावंडांशी खेळताना शिकतं. लवकर तोडलेली पिल्लं पुढे घरातल्या मुलांचे हात चावतात आणि लोक दोष जातीला देतात.

समजा, एका कुटुंबाने शनिवारी लॅब्रेडॉरचं पिल्लू घेतलं. विक्रेत्याने घरी बोलावलंच नाही. ‘तुम्हाला लांब पडेल, मी हायवेवर पेट्रोल पंपापाशी येतो,’ म्हणाला. सोमवारी पिल्लू मलूल झालं, मंगळवारी उलट्या सुरू झाल्या, बुधवारी रक्ताची हगवण लागली. फोन केला तर उत्तर आलं, ‘तुम्ही दूध पाजलं असेल, तुमच्या खाण्याने झालं.’ पण पार्व्होचा विषाणू शरीरात शिरल्यापासून लक्षणं दिसेपर्यंत बहुधा तीन ते सात दिवस जातात. हिशेब मागे मांडला, तर पिल्लाला लागण विक्रीच्या आधी किंवा वाटेतच झाली असण्याची शक्यता जास्त आहे. गुन्हा घरच्या वाटीभर दुधाचा नाही.

म्हणून माझा पहिला आग्रह असा, की पिल्लू जिथे जन्मलं तिथे जाऊन, आईजवळ असताना ते पाहा. इंग्लंडमध्ये २०२० च्या एप्रिलपासून या गोष्टीचा कायदाच झाला. पैदास केंद्रातून सोडवलेल्या ल्युसी नावाच्या एका कुत्रीवरून तो ओळखला जातो. आई दाखवायला टाळाटाळ झाली, ‘ती गावाला आहे’, ‘ती अनोळखी माणसांवर धावते’ अशी कारणं ऐकू आली, की तिथून परत फिरा.

आई समोर आली तरी नीट बघा. काही ठिकाणी भलतीच देखणी कुत्री आई म्हणून उभी करतात. व्यालेल्या कुत्रीचे सड वाढलेले असतात आणि पिल्लं तिच्याकडे ओढीने जातात. बाळंतपणानंतर केस गळणं, थोडं वाळणं हे नैसर्गिक आहे, त्यावरून कुणाला दोष देऊ नका. पण कोपरांवर सिमेंटच्या फरशीने पडलेले जाड घट्टे, वळलेली लांब नखं, माणसाचा हात पुढे येताच कोपऱ्यात दबणं आणि नाकाला झोंबणारा मुताचा वास यांचा अर्थ वेगळा आहे. त्या कुत्रीला कुणी बाहेर काढत नाही.

आता एक प्रश्न विचारा, बहुतेक गिऱ्हाइकं तो विचारत नाहीत. ‘हिचं हे कितवं वेत, आणि आधीचं कधी झालं?’ नियमानुसार बारा महिन्यांत एकच वेत आणि आयुष्यात जास्तीत जास्त पाच वेतं घेता येतात. समजा, पिल्लं १२ जूनची आहेत आणि आधीची ५ डिसेंबरची. गाभणकाळ सुमारे ६३ दिवसांचा, म्हणजे जोडी एप्रिलच्या दहा तारखेच्या आसपास लावली. बाळंतपणानंतर चारच महिन्यांनी, पहिला माज येताच ती पुन्हा भरवली. जबाबदार माणूस दोन्ही तारखा वहीत बघून सांगतो. दुसऱ्याला हा प्रश्न म्हणजे भांडण वाटतं.

कागदांविषयीही सांगतो. ‘केसीआय पेपर आहेत’ हे वाक्य ऐकून माणसं निश्चिंत होतात. केनेल क्लबचा कागद वंशावळ सांगतो, तब्येत नाही. पैदास करणाऱ्याची राज्य प्राणी कल्याण मंडळाकडची नोंदणी ही वेगळी गोष्ट आहे, ती स्वतंत्रपणे मागा. लसीच्या कार्डावर कुपीचं बॅच नंबर असलेलं स्टिकर, तारीख, पशुवैद्याची सही आणि नोंदणी क्रमांक बघा. सगळ्या तारखा एकाच पेनाने, एकाच बैठकीत लिहिल्यासारख्या दिसल्या, तर त्या पशुवैद्याला फोन करा. लॅब्रेडॉर किंवा जर्मन शेफर्ड घेत असाल, तर आईबापांच्या खुब्यांचे एक्स-रे काढलेत का, हेही विचारा. खुब्याचा दोष या जातींत पिढ्यान्‌पिढ्या उतरतो. ‘डबल बोन’, ‘शो क्वालिटी’ या शब्दांना मात्र काडीची किंमत देऊ नका. डबल बोन असं कोणत्याही जातीच्या मानकात नाही. आणि फोनवर एकाच माणसाकडे पाच-सात जातींची पिल्लं कायम तयार असतील, तर तो बहुधा इकडून घेऊन तिकडे विकणारा दलाल असतो.

चांगला ब्रीडर उलट तुम्हालाच विचारतो. घरात दिवसभर कोण असतं, भाड्याचं घर असेल तर मालकाची परवानगी आहे का, गावाला गेलात तर कुत्रं कुठे ठेवाल? सांभाळणं जमलं नाही तर परत घेईन, असं तो लिहून देतो. हे प्रश्न उद्धटपणाचे वाटू देऊ नका.

दयेने खरेदी करण्याबद्दल बोलणं मला जड जातं. आजारी, घाणीत बसलेलं पिल्लू पाहून मन कळवळतं, ‘निदान हे तरी सोडवू’ असं वाटतं. पण तुमचे पैसे हातात पडले, की त्या जागी पुढचं पिल्लू येतं आणि आई पुन्हा भरवली जाते. त्यापेक्षा जागेचा पत्ता, तारीख, फोटो आणि जाहिरातीचे स्क्रीनशॉट घेऊन राज्य प्राणी कल्याण मंडळाकडे किंवा जिल्ह्याच्या पशुसंवर्धन कार्यालयाकडे लेखी तक्रार करा आणि पोच घ्या.

पिल्लू घेतलंच, तर पावती मागा. दुसऱ्याच दिवशी स्वतःच्या पशुवैद्याकडे जा आणि वयाचा अंदाज कार्डावर लिहून घ्या. आठ आठवड्यांच्या पिल्लाला बहुधा अठ्ठावीसही दुधाचे दात आलेले असतात. लहान चणीच्या जातींना थोडा उशीर होतो, पण मागच्या हिरड्या रिकाम्या असतील तर सांगितलेलं वय खोटं असण्याची शक्यता मोठी आहे. हा लेखी अंदाज आणि पावती जपून ठेवा. ग्राहक आयोगाकडे जायची वेळ आली, तर तुमच्या बाजूने हेच दोन कागद बोलतील.