कोन बरोबर, कारण चुकलं: मार्क किती?

आज दहावीच्या भूमितीतला, वर्तुळाच्या प्रकरणातला एक भांडणाचा विषय. मी शिरूरला शिकवतो, माझा मित्र दौंडला. सराव परीक्षेचे गठ्ठे आम्ही अदलाबदल करून तपासले आणि एका उत्तरावर अडलो. त्याने तीनपैकी तीन दिले होते, मी दोन.

वही जवळ असेल तर आकृती काढा. AB हा व्यास. वर्तुळावर A, B, C, D याच क्रमाने घ्या, म्हणजे ABCD चक्रीय चौकोन झाला. ∠CAB = 35° दिलाय. ∠ACB, ∠ABC आणि ∠ADC काढायचेत. प्रत्येकाला एक मार्क : अर्धा मापाला, अर्धा कारणाला.

मुलाने लिहिलं : 90°, 55°, 125°. तिन्ही बरोबर! आता कारणं बघू.

55° ला त्याने 'त्रिकोणाच्या कोनांची बेरीज' लिहिलं. बरोबर, पूर्ण मार्क.

90° ला लिहिलं 'स्पर्शिका-त्रिज्या प्रमेय'. त्या प्रमेयातही काटकोनच मिळतो, म्हणून नजर फसते. पण आकृतीत स्पर्शिका आहे कुठे? काटकोन आला तो कोन अर्धवर्तुळात आंतरलिखित आहे म्हणून.

125° ला लिहिलं 'एकाच कंसातले कोन एकरूप'. हे लावलं असतं तर ∠ADC हा ∠ABC एवढा, म्हणजे 55° आला असता! B आणि D हे AC जीवेच्या दोन विरुद्ध बाजूंना आहेत. खरं कारण : चक्रीय चौकोनाचे संमुख कोन पूरक, म्हणून 180 वजा 55.

म्हणून मी तपासताना दोनच गोष्टी विचारतो. प्रमेयाला लागतं ते सगळं आकृतीत आहे का? आणि ते लावलं तर हेच माप येतं का? एकाचंही उत्तर 'नाही' आलं, तर कारणाचा अर्धा मार्क जातो. मापाचा मात्र जात नाही, कारण माप बरोबर आहे. मित्राला हे पटलं, त्याने दोन केले.

पण पुढच्याच पेपरात मी सापडलो. एका मुलीने 90° ला 'आंतरलिखित कोनाचे प्रमेय' लिहिलं होतं. अपेक्षित उत्तरात 'अर्धवर्तुळातील कोन', म्हणून मी अर्धा कापला. मित्र म्हणाला, "अरे, तुझेच दोन प्रश्न लाव की!" लावले. कंस 180° चा, त्याच्या निम्मे 90°. कारण चोख होतं, फक्त नाव वेगळं. अर्धा मार्क परत दिला.

मुलांनो, पेपर हातात आला की कापलेल्या कारणाला हेच दोन प्रश्न लावा. दोन्हींना 'हो' आलं, तर बिनधास्त सरांकडे जा. 'नाही' आलं, तर आकृती बदलून बघा : AB व्यास नसेल, तर ∠ACB काटकोन राहील का? भेटू पुढच्या भागात!