मुलांची चित्रफीत : कोण पाहतो, काय ओळखतो?

(पारोळा येथे पालक आणि कार्यकर्ते यांच्यासमोर झालेल्या भाषणाचा मजकूर)



झाशीच्या राणी लक्ष्मीबाईंच्या माहेरच्या तांबे घराण्याचे गाव, ही पारोळ्याची महाराष्ट्रातील ओळख. १९ नोव्हेंबरला, राणीच्या जयंतीच्या दिवशी, येथील एखाद्या आठ वर्षांच्या मुलीने नऊवारी नेसून, कमरेला पुठ्ठ्याची तलवार लावून भाषण केले, तर त्यात नवल नाही. वडिलांनी त्याचे मोबाईलवर चित्रण करावे, हेही स्वाभाविक. प्रश्न त्यानंतरच्या दोन मिनिटांचा आहे. चित्रण महाजालावर चढविताना त्या चाळीस सेकंदांतून नेमके काय बाहेर जाते, याचा हिशेब सहसा कोणी करीत नाही.

तो हिशेब एकदा उदाहरणादाखल मांडून पाहू. मुलगी कल्पनेतील आहे, पण तपशील प्रत्येक घरातले आहेत. चित्रफितीच्या आरंभी ध्वनिक्षेपकावरून बाईंचा आवाज ऐकू येतो. त्यात मुलीचे पूर्ण नाव, इयत्ता आणि तुकडी येते. मागे कापडी फलकावर शाळेचे नाव आहे. शेवटच्या पाच सेकंदांत कॅमेरा वळतो आणि प्रवेशद्वाराशी उभी असलेली रिक्षा तिच्या क्रमांकासह दिसते. वडील खाली लिहितात, ‘आमची छकुली’, आणि सोबत आपल्या दुकानाचे नाव. काकू प्रतिसादात विचारते, ‘शिकवणीहून सहा वाजता सुटते ना ती? मग फोन करते.’ यांतील एकही गोष्ट गुपित नाही. मात्र सगळ्या एकत्र केल्या की एखादा अनोळखी मनुष्य सायंकाळी सहा वाजता त्या मुलीसमोर उभा राहून तिला घरातल्या नावाने हाक मारू शकतो आणि ‘बाबांनी दुकानावरून पाठवले आहे’ असे सांगू शकतो. आठ वर्षांचे मूल ओळख पटविते ती अशाच खुणांवरून.

कायदा करणाऱ्यांनी ही गोष्ट चांगली ओळखली आहे. बालकांचे लैंगिक अपराधांपासून संरक्षण करणारा २०१२ चा कायदा, ज्याला ‘पॉक्सो’ म्हणतात, त्याच्या कलम २३ मध्ये पीडित बालकाची ओळख प्रसिद्ध करण्यास मनाई आहे. ओळख म्हणजे काय, हे सांगताना ते कलम नाव आणि छायाचित्रावर थांबत नाही. पत्ता, कुटुंबाचा तपशील, शाळा आणि शेजार यांचाही तेथे उल्लेख आहे. ते कलम पीडित बालकांपुरते आहे हे खरे. पण मूल कशाकशावरून ओळखले जाते, याची इतकी नेमकी यादी दुसरीकडे शोधावी लागणार नाही. चेहरा झाकला आणि गणवेश, फलक, तुकडी तशीच ठेवली, तर एवढ्याशा गावात काहीच झाकले गेलेले नसते.

आता दुसरी बाजू. अशी चित्रफीत पाहतो कोण? पालकांचा समज असतो की तिला पाहणारे चाळीस-पन्नास, आणि तेही नात्यातले. २०१९ साली हा समज जगभर खोटा ठरला. त्या वर्षी फेब्रुवारीत उघड झाले की यूट्यूबवरील मुलांच्या अगदी साध्या चित्रफितींखाली, खेळणाऱ्या, कसरती करणाऱ्या मुलांच्या चित्रणाखाली, विकृत माणसे प्रतिसादांच्या जागेत मिनिट आणि सेकंद लिहून ठेवीत होती. नेमक्या कोणत्या क्षणी थांबून पाहावे, याची ती एकमेकांना दिलेली खूण होती. मोठमोठ्या कंपन्यांनी जाहिराती थांबविल्या आणि यूट्यूबने त्याच महिन्यात कोट्यवधी चित्रफितींखालचे प्रतिसाद बंद केले. जूनमध्ये ‘न्यू यॉर्क टाइम्स’ने याच्या पुढचा भाग छापला. ब्राझीलमधील दहा वर्षांच्या एका मुलीची, घरामागच्या तलावात मैत्रिणीबरोबर खेळतानाची चित्रफीत थोड्याच दिवसांत चार लाखांवर लोकांनी पाहिली होती. ती कोणी मुद्दाम पसरविली नव्हती. एक चित्रफीत पाहिली की तशीच दुसरी सुचविणाऱ्या यूट्यूबच्या यंत्रणेने ती तिच्या शोधात असलेल्या प्रेक्षकांपुढे नेऊन ठेवली. तिच्यात अश्लील असे काहीच नव्हते. चित्रफितीत दोष शोधून उपयोग नसतो. ती कोणापुढे जाऊ शकते, हे पाहावे लागते.

ते ठरते दृश्यतेच्या निवडीवरून. यूट्यूबवर चित्रफीत चढविताना Visibility या शीर्षकाखाली तीन पर्याय दिसतात. Public म्हणजे सर्वांसाठी खुली, शोधात सापडणारी, यंत्रणेने सुचविली जाणारी. Unlisted ही शोधात येत नाही, पण जिच्या हाती दुवा पडेल ती व्यक्ती ती पाहू शकते आणि पुढेही पाठवू शकते. पुष्कळ शाळा ‘आम्ही खासगी ठेवली आहे’ असे सांगतात, तेव्हा प्रत्यक्षात हाच पर्याय निवडलेला असतो. एकशेऐंशी पालकांच्या गटात टाकलेला दुवा किती हातांत जाईल, हे कोणालाही सांगता येणार नाही. Private ही खरी खासगी. ज्यांचे ई-मेल पत्ते आपण स्वतः नोंदविले, त्यांनाच ती दिसते आणि तिच्याखाली प्रतिसादही लिहिता येत नाहीत. आजी-आजोबांसाठी हाच मार्ग योग्य, मग पत्ते नोंदविण्यास दहा मिनिटे लागोत.

येथे एक मोठा गैरसमज दूर केला पाहिजे. Made for kids ही खूण केली की आपले मूल सुरक्षित झाले, असे अनेकांना वाटते. त्या खुणेने प्रतिसाद बंद होतात, एवढे खरे. पण ती खूण प्रेक्षक मुले आहेत असे सांगते. चित्रफितीत मूल आहे, याच्याशी तिचा संबंध नाही. अशी चित्रफीतसुद्धा जगापुढे खुली असू शकते.

व्हॉट्सअ‍ॅपच्या स्टेटसबद्दल तर सगळेच निर्धास्त असतात, कारण ते चोवीस तासांत जाते. My contacts या पर्यायावर ते कोणाला दिसते? ज्यांचे क्रमांक आपण जतन केले आहेत, आणि ज्यांनी आपला क्रमांक जतन केला आहे, त्यांना. पारोळ्यातील दुकानदाराच्या मोबाईलमध्ये नळ दुरुस्त करणारा, मालमोटारीचा चालक, एकदाच येऊन गेलेले गिऱ्हाईक असे शेकडो क्रमांक असतात. Only share with… हा पर्याय निवडून पंधरा नातलगांची नावे एकदा नोंदविली की पुढच्या वेळी तीच यादी कायम राहते. इन्स्टाग्रामवरचे खाते Private नसेल, तर तेथील चित्रफीत इतरांना स्वतःच्या मोबाईलमध्ये उतरवूनही घेता येते. घरातल्या एका मावशीचे खाते खुले असले, तर बाकी सर्वांची काळजी वाया जाते.

पुढे पाठविलेल्या चित्रफितीचे काय होते, हे खानदेशाला कोणी शिकविण्याची गरज नाही. १ जुलै २०१८ रोजी धुळे जिल्ह्यात, साक्री तालुक्यातील राईनपाडा येथे, नाथपंथी डवरी गोसावी समाजातील पाच निरपराध भिक्षुकांना जमावाने ठेचून मारले. मुले पळविणारी टोळी आल्याची अफवा तेव्हा मोबाईलवरून फिरत होती. त्या सुमारास देशभर फिरलेल्या चित्रफितींपैकी एक कराचीतील एका संस्थेने मुलांच्या सुरक्षिततेसाठी केलेली जनजागृतीची फीत होती. तिच्यातला शेवटचा, खुलासा करणारा भाग कोणीतरी कापला होता. त्याच महिन्यात व्हॉट्सअ‍ॅपने भारतात एका वेळी पाचच ठिकाणी संदेश पुढे पाठविण्याची मर्यादा घातली. मर्यादेने वेग कमी होतो, चित्रफीत परत येत नाही.

म्हणून जे जगापुढे ठेवायचे आहे, ते चित्रण करतानाच वेगळे करावे. वेशातली मुलगी पाठीमागून, दूर किल्ल्याची तटबंदी, हातातली तलवार, पन्नास मुलांचा एकत्रित आवाज, एवढ्यावर कार्यक्रमाचे वार्तांकन उत्तम होते. चेहरे आलेच असतील, तर संगणकावर YouTube Studio मध्ये Editor उघडून Blur आणि त्यात Face blur निवडावे. यंत्र चेहरे शोधून त्यांवर धूसर ठिपका बसविते, आणि तो ठिपका चेहऱ्याबरोबर हलतो. मात्र मुलाने मान वळविली, समोरून कोणी गेले की तो सुटतो. त्यामुळे पूर्ण चित्रफीत हळू गतीने पाहून, सुटलेल्या जागी Custom blur हाताने बसवावा लागतो. चेहरा झाकूनही आवाज राहतोच. नाव पुकारलेला भाग कापावा, किंवा मूळ ध्वनी काढून वाद्यसंगीत घालावे. आणि हे सर्व प्रसिद्धीच्या आधी. नंतर केले, तर तोवर उतरवून घेतलेल्या प्रती तशाच राहतात. थेट प्रक्षेपणात यांतले काहीच करता येत नाही. स्नेहसंमेलन सर्वांसाठी खुले थेट दाखविण्याचा हट्ट शाळांनी सोडलेला बरा.

थोडे कार्यकर्त्यांविषयी. संस्कारवर्ग, बालशिबिर, सेवावस्तीतील अभ्यासिका यांची चित्रणे सर्वाधिक आपणच प्रसिद्ध करतो, आणि तेही दुसऱ्यांच्या मुलांची. वर्ग कोठे भरतो, किती वाजता सुटतो, हे तर निवेदनातच लिहिलेले असते. देणगीदाराला काम दिसावे, ही अडचण खरी आहे. परंतु वस्तीतील आई अक्षरओळख नसल्याने विचारू शकत नाही, म्हणून तिची संमती गृहीत धरणे शोभत नाही. तिला मोबाईलवर ती चित्रफीत दाखवावी, कोठे जाणार ते सांगावे, आणि ‘नको’ म्हणाली तर तिच्या मुलाचा भाग काढावा. तिने नंतर मत बदलले, तरी काढावा. कार्यक्रमाची बातमी दुसऱ्या दिवशी द्यावी. वेळ आणि जागा कळविणारे निवेदन पालकांच्या गटापुरते ठेवावे.

एवढे करूनही एखादे चित्रण चुकीच्या हाती गेले, असे कळले तर पहिल्या तासात घाईने ते खाते बंद करू नये. आधी त्या पानाचा पूर्ण दुवा, खात्याचे नाव, तारीख आणि वेळ लिहून घ्यावी. प्रतिसाद आक्षेपार्ह असतील तर त्यांचे पडद्यावरचे चित्र घ्यावे. मग त्या त्या ठिकाणच्या Report या सोयीतून तक्रार करावी, आपली चित्रफीत लगेच Private करावी आणि cybercrime.gov.in वर तक्रार नोंदवावी. स्त्रिया व बालके यांच्याविषयीची तक्रार तेथे नाव न देताही करता येते. मूल प्रत्यक्ष धोक्यात असेल तर १०९८ किंवा ११२. मुलाचे चित्र अश्लील रीतीने बदलून फिरविले जात असेल, तर मात्र त्याची प्रत ‘पुरावा म्हणून’ जवळ ठेवू नये, आणि ‘सावध राहा’ असे लिहून कोणत्याही गटात पाठवू नये. माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम ६७ ब नुसार पाठविणाराही गुन्हेगार ठरतो, हेतू कितीही चांगला असो. दुवा आणि खात्याचे नाव पोलिसांना पुरते.