नाकतोडा कोंबडीएवढा का होत नाही?

(श्रावणातील व्याख्यानमालेत तोरणमाळ येथे दिलेले व्याख्यान)



सध्या यशवंत तलावाच्या काठाने चालायला लागलं की दर पावलाला गवतातून नाकतोडे उडतात. त्यातला एखादा बोटभर असतो, पण त्याहून मोठा कुणी पाहिलेला नाही. खायला गवत मुबलक आहे, उडी जबरदस्त आहे, अंगावर कवच आहे. मग तो कोंबडीएवढा का होत नाही? याची कारणं अनेक आहेत. त्यांपैकी एक त्याच्या श्वासात आहे, आणि आज मी तेवढ्याबद्दलच बोलणार आहे.

नाकतोडा अलगद धरा आणि त्याच्या पोटाकडे बघा. पोट सारखं फुगतं आणि आत जातं. हाच त्याचा श्वास. तो तोंडाने श्वास घेत नाही. छातीवर दोन आणि पोटावर आठ अशा दहा जोड्या बारीक भोकांच्या असतात. त्यांना श्वासरंध्रं म्हणतात. त्यांना झडपा असतात, आणि आतलं पाणी उडून जाऊ नये म्हणून कीटक त्या बंदही ठेवू शकतो. नाकतोड्याचं डोकं पाण्यात बुडालं आणि धड वर राहिलं, तर तो गुदमरत नाही. डोकं वर ठेवून छाती-पोट पाण्यात गेलं, तर गुदमरतो. इटलीच्या मालपीगी या शास्त्रज्ञाने १६६९ साली रेशमाच्या अळीचं वर्णन प्रसिद्ध केलं, तेव्हाच हे कोडं उलगडलं होतं. अळीच्या अंगावरच्या काळ्या ठिपक्यांना तेल लावून ते बंद केले की अळी मरत होती. डबक्यावर तेलाचा तवंग सोडला की डासांच्या अळ्या मरतात, त्यामागेही हेच एक कारण आहे. पाण्याच्या पृष्ठभागावर येऊन हवा घेणारी त्यांची नळी तेलाने बुजते.

श्वासरंध्राच्या आत श्वासनलिका सुरू होतात. त्या आतून कायटीनच्या असतात. नळी चेपू नये म्हणून तिच्या भिंतीत सर्पिल कडी असते. नलिकांना फांद्या फुटत जातात आणि शेवटच्या फांद्या इतक्या बारीक होतात की त्यांची जाडी एका मिलिमीटरच्या हजाराव्या भागाहूनही कमी असते. त्या थेट स्नायूंच्या पेशींना जाऊन भिडतात. आपल्याकडे फुप्फुस हवा घेतं आणि रक्त ती पोचवतं. बहुतेक कीटकांचं रक्त प्राणवायू वाहण्याचं काम करतच नाही. हवा स्वतःच पेशीपर्यंत चालत जाते.

ही व्यवस्था कमकुवत आहे असं समजू नका. प्राणवायू पाण्यापेक्षा हवेत सुमारे दहा हजार पट वेगाने पसरतो. मात्र पसरण्याचा एक कठोर नियम आहे. अंतर दहापट झालं की लागणारा वेळ शंभरपट होतो. हवेने भरलेल्या नळीत १ मिलिमीटर अंतर पार करायला प्राणवायूला ढोबळमानाने एका सेकंदाचा चाळिसावा भाग लागतो. १ सेंटिमीटरला अडीच सेकंद, आणि १० सेंटिमीटरला चार मिनिटांहून जास्त. मुंगीला याची काळजी नाही. पण कोंबडीएवढ्या नाकतोड्याच्या मधल्या स्नायूला प्रत्येक रेणूची इतकी वाट पाहावी लागली, तर उडी मारणं सोडाच, जगणंही कठीण.

‘म्हणून कीटक लहान’ असं म्हणून बरेच जण इथेच थांबतात. ते अपुरं आहे, कारण मोठे कीटक नुसत्या पसरण्यावर विसंबत नाहीत. नाकतोड्याचं ते हलणारं पोट म्हणजे भाताच आहे. पुढच्या रंध्रांनी हवा आत ओढायची आणि मागच्या रंध्रांनी बाहेर सोडायची. आत हवेच्या पिशव्याही असतात. मोठ्या नळ्यांतलं अंतर अशा रीतीने हवा खेळवून पार होतं. मग अडतं कुठे?

याचं एक उत्तर २००७ साली मिळालं. अमेरिकेत संशोधकांनी क्ष-किरणांच्या प्रखर झोतात भुंगेऱ्यांच्या एकाच कुळातल्या लहान-मोठ्या चार जाती तपासल्या. सर्वांत लहान होता तो आपल्या पिठात सापडणारा तांबूस किडा, जेमतेम तीन मिलिमीटरचा. सर्वांत मोठा साडेतीन सेंटिमीटरच्या आसपासचा. मोठ्या भुंगेऱ्यात नळ्या शरीराच्या प्रमाणात वाढलेल्या नव्हत्या, प्रमाणाबाहेर वाढलेल्या होत्या. त्यांनी काढलेला हिशेब असा, की वजन दहापट झालं तर नळ्यांनी व्यापलेली जागा जवळजवळ वीसपट होते.

ती जागा सर्वांत आधी पायाच्या सांध्याशी संपते. पाय जिथे धडाला जोडलेला असतो, तिथल्या अरुंद भोकातून स्नायूची दोरी, मज्जातंतू, रक्त आणि श्वासनलिका हे सगळं जायचं असतं. पाय लांब झाला की टोकापर्यंत प्राणवायू पोचवायला नळी जाड हवी. नळी जाड झाली की बाकीच्यांना जागा उरत नाही. भोक रुंद करावं, तर सांधा दुबळा होतो. या वाढीची रेघ पुढे नेली तेव्हा संशोधकांना भुंगेऱ्याची कमाल लांबी १६-१७ सेंटिमीटरच्या जवळपास आढळली. अमेझॉनच्या जंगलातला टायटन भुंगेरा जवळपास तेवढाच आहे. चार जातींवरून काढलेला हा अंदाज आहे, सिद्ध नियम नव्हे. पण कुठे बघायचं हे त्याने दाखवलं.

हे खरं असेल, तर हवेत प्राणवायू वाढला की बारीक नळ्या पुरायला हव्यात. जादा प्राणवायूत वाढवलेल्या झुरळांच्या श्वासनलिका खरोखरच बारीक निघाल्या. आता तीस कोटी वर्षांपूर्वीचा काळ घ्या. आज हवेत प्राणवायू २१ टक्के आहे. तेव्हा तो ३० टक्क्यांच्या घरात असावा असा अंदाज आहे. फ्रान्समध्ये सापडलेल्या मेगान्युरा या चतुराच्या नातलगाचे पंख त्या काळी टोकापासून टोकापर्यंत सुमारे ६५ सेंटिमीटर होते. तलावावर आज घिरट्या घालणाऱ्या चतुरांशी त्याची तुलना करून पाहा.

मात्र प्राणवायू हे एकमेव कारण मानू नका. कात टाकताना मऊ पडलेल्या कवचाला शरीराचं वजन पेलावं लागतं, हीही एक मर्यादा आहे. जीवाश्मांतल्या हजारो पंखांच्या मोजमापावरून २०१२ साली असं दिसलं, की सुमारे पंधरा कोटी वर्षांपूर्वीपर्यंत कीटकांचा आकार प्राणवायूबरोबर वर-खाली होत होता. नंतर प्राणवायू वाढूनही कीटक वाढले नाहीत. तो पक्ष्यांच्या उदयाचा काळ आहे. मोठा, संथ कीटक पक्ष्याच्या तोंडी लवकर पडतो.

इथे कुणी विचारेल, तोरणमाळ समुद्रसपाटीपासून सुमारे १,१५० मीटरवर आहे, हवेचा दाब किनाऱ्यापेक्षा जवळजवळ तेरा टक्क्यांनी कमी आहे, मग इथले कीटक खुजे व्हायला हवेत. तसं होत नाही. हवा विरळ झाली की तिच्यातून प्राणवायू त्याच प्रमाणात जास्त वेगाने पसरतो, त्यामुळे हवेने भरलेल्या नळीतली तूट बरीचशी भरून निघते. तूट राहते ती नळीच्या टोकापासून पेशीपर्यंतच्या ओलसर, अतिसूक्ष्म अंतरात, आणि एवढ्या उंचीवर ती किरकोळ असते.

तेव्हा माझं म्हणणं एवढंच आहे. कीटकाचा श्वास कच्चा म्हणून तो लहान, हे खरं नाही. लहान शरीरासाठी याहून स्वस्त आणि वेगवान व्यवस्था सापडणार नाही. शरीर वाढलं की मात्र तिची किंमत जागेत मोजावी लागते, आणि ती जागा आधी सांध्यात संपते. घरी जाताना एक नाकतोडा धरा, मुलांना त्याचं हलणारं पोट आणि बाजूचे ठिपके दाखवा, आणि त्याला गवतात सोडून द्या.