आधी डाळ की आधी गूळ?



व्याख्यानाला पुरणपोळी हा विषय घेतला हे ऐकून आपल्यापैकी काहींच्या चेहऱ्यावर हसू उमटले, ते आम्हांला येथून दिसले. हसण्यास आमची हरकत नाही. परंतु आजचा विषय पुरणपोळी खाण्याचा नसून वाचण्याचा आहे. लिहिलेली कृती हाती घेऊन काम करू लागले म्हणजे दोन प्रश्न पदोपदी आडवे येतात. हे आधी का आणि ते नंतर का, हा पहिला. आणि ही पायरी पुरी झाली हे ओळखावे कशावरून, हा दुसरा. या दोन्ही प्रश्नांची उत्तरे कृतीत बहुधा लिहिलेली नसतात. पूर्वी त्याची गरजही नव्हती, कारण कृती शिकवणारी बाई चुलीपाशी उभीच असे. लक्ष्मीबाई धुरंधरांचे ‘गृहिणीमित्र’ १९१० साली निघाले, कमलाबाई ओगल्यांची ‘रुचिरा’ १९७० साली आली, आणि घराघरातील पाककला पुस्तकाच्या पानावर उतरली. पानावर कृती उतरली, पण प्रश्न विचारल्यावर उत्तर देणारी बाई काही पानावर उतरली नाही.

आमची एक पुतणी नोकरीनिमित्त परगावी एकटी राहते. होळीला चार मैत्रिणींना तिने जेवायला बोलावले होते आणि पुरणपोळी कबूल करून बसली होती. तिच्याजवळ लिहिलेली कृती होती ती अशी: ‘हरभऱ्याची डाळ २ वाट्या धुऊन मऊ शिजवावी. कट काढावा. २ वाट्या चिरलेला गूळ घालून घट्ट होईपर्यंत शिजवावे. वेलदोडा-जायफळ घालून गरम असतानाच वाटावे. कणीक सैल भिजवून, तेल घालून मळून २ तास मुरू द्यावी. पुरण भरून पोळ्या लाटाव्या व भाजाव्या.’ कृती उत्तम आहे. तीत एकही शब्द खोटा नाही. तरीही आदल्या रात्री तिने दूरध्वनीवर जे प्रश्न विचारले, ते सगळे रास्त होते.

पहिला प्रश्न असा होता: “काका, साडेबाराला पानं वाढायची आहेत, तर सुरुवात किती वाजता करू?”

कृती ज्या क्रमाने लिहिली आहे त्या क्रमाने ती केली असती, तर पुरण वाटून झाल्यावर तिला कणकेचे वाक्य भेटले असते आणि तेथे दोन तास हात बांधून बसावे लागले असते. लिहिताना एकामागून एक वाक्य येते, कारण लेखणीला दुसरा मार्ग नाही. हातांना तो आहे. म्हणून कृती करण्यापूर्वी ती शेवटाकडून सुरुवातीकडे एकदा वाचावी. साडेबाराला पाने, तर सव्वाअकराला पहिली पोळी तव्यावर पडली पाहिजे. त्या वेळी दोन गोष्टी तयार हव्यात: मुरलेली कणीक आणि निवलेले पुरण. कणकेला दोन तास, म्हणजे सव्वानऊला ती मळून झाकलेली हवी. पुरण निवायला पाऊण तास धरला तर साडेदहाला ते वाटून व्हावे. वाटायला आणि गुळाबरोबर आटवायला मिळून पाऊण तास, म्हणजे पावणेदहाला डाळ शिजून, निथळून हाताशी असावी. तेव्हा नऊला कुकर चढवावा, आणि तो आपले काम करीत असताना कणीक मळून घ्यावी. कागदावर पाचवे असलेले काम घड्याळात दुसरे झाले.

“मग डाळ सातला भिजत घालू का?” घालावी. पण ही अट नव्हे. भिजलेली डाळ लवकर शिजते, एवढाच भिजवण्याचा अर्थ. विसरली तर शिजायला थोडा वेळ अधिक द्यावा. पोळीचे काही बिघडत नाही. कृतीतील कोणती पायरी गाळता येते, कोणती मागेपुढे करता येते आणि कोणती जागची हलवता येत नाही, हे कळले की निम्मी धास्ती जाते.

आता जागची न हलणारी पायरी. तिने विचारले, “डाळ आणि गूळ एकदमच कुकरात घातले तर? दोनदा शिजवायचा त्रास वाचेल.” आमची पत्नी शेजारीच होती. ती म्हणाली, “अगं, डाळ दडस राहील.” हे उत्तर पिढ्यान्‌पिढ्यांचे आहे आणि अचूक आहे, त्याचे कारण मात्र पाहण्यासारखे आहे. डाळीच्या दाण्यात असंख्य सूक्ष्म पेशी एकमेकींना चिकटलेल्या असतात. त्यांना जोडणारा जो चिकट पदार्थ आहे त्याला पेक्टिन म्हणतात. उकळत्या पाण्यात हे पेक्टिन हळूहळू सुटते, पेशी मोकळ्या होतात आणि दाणा बोटाखाली विरघळतो. डाळ शिजणे म्हणजे मुख्यतः हेच. गुळातील साखर या सुटण्याला अडथळा करते. शिवाय गुळात चुन्याचा अंश, म्हणजे कॅल्शियम, असते. ते पेक्टिनला अधिकच घट्ट बांधते. गूळ किंचित आम्लही असतो, आणि आम्लातही पेक्टिन सुटायला वेळ लागतो. म्हणजे तीन शत्रू एकाच खड्यात बसलेले आहेत. अमेरिकेत बोस्टन शहराच्या नावाने प्रसिद्ध असलेला घेवड्याचा एक पदार्थ आहे. त्यात उसाची काकवी घालून घेवडा कित्येक तास मंद आचेवर ठेवतात, आणि इतके तास शिजूनही दाणा अखंड राहतो. तेथे अखंड दाणा हवाच असतो. आपल्याला पुरणात तो नको असतो. आमटीत चिंच किंवा आमसूल डाळ शिजल्यावर घालतात, त्याचेही मूळ येथेच आहे.

याच कारणाने काही गावांच्या विहिरीच्या जड पाण्यात डाळ शिजता शिजत नाही. त्या पाण्यात कॅल्शियम आधीच असते. तेथे चिमूटभर खाण्याचा सोडा घालण्याची रीत आहे आणि ती चालते. पण चिमटीचा चमचा झाला तर डाळीला साबणासारखी चव येते आणि तिच्यातील ब जीवनसत्त्वाचाही नाश होतो. दुसरे चांगले पाणी मिळत असेल तर ते घेणे बरे.

गूळ आधी घालण्यात आणखी एक नुकसान आहे, आणि ते भरून येत नाही. कट म्हणजे डाळ शिजल्यावर वरचे निथळून काढलेले पाणी. आमटी त्याचीच व्हायची. एकदा गूळ विरघळला की तो कट राहत नाही; आमटी गेली, आणि ते सारे पाणी पुरणातच आटवत बसावे लागते. म्हणून डाळ शिजवताना पाणी तिप्पट-चौपट घालावे आणि गुळाला हात लावण्यापूर्वी ते पुरते निथळावे. चाळणीवर दहा मिनिटे ठेवण्याचा कंटाळा केला, तर पुढे अर्धा तास ढवळण्यात जातो.

यानंतर ‘पर्यंत’ हा शब्द. मऊ होईपर्यंत, घट्ट होईपर्यंत. पुतणीचा प्रश्न सरळ होता: “किती मिनिटं?” मिनिटे सांगता येतात, पण ती ज्याने लिहिली त्याच्या शेगडीची आणि त्याच्या पातेल्याची असतात. मुदतीऐवजी खूण धरावी. डाळीची खूण अशी की दाणा अंगठा आणि बोट यांत दाबला असता पुरता चिरडावा, मध्ये कणी लागू नये. येथे घाई करू नये, कारण गूळ पडल्यावर ती कणी तशीच राहणार, हे आपण आताच पाहिले. पुरणाची खूण आमच्या पत्नीने सांगितली: मध्यभागी उलथने उभे करावे, ते न पडता उभे राहिले की खाली उतरवावे.

मध्यंतरी एक घाबरवणारी गोष्ट घडते, ती सांगून ठेवणे जरूर आहे. निथळलेल्या कोरड्या डाळीत गूळ घातला की पाच मिनिटांत सगळे पातळ होते. गुळाचा पाक होतो आणि डाळीतील पाणीही तो ओढून घेतो. नवशिक्याला वाटते, बिघडले. काही बिघडलेले नसते. पाणी आटले की तेच मिश्रण घट्ट होऊ लागते. परंतु उलथने उभे राहिल्यावर आणखी आटवू नये. गरम असताना जेवढे घट्ट दिसते, त्याहून निवल्यावर ते बरेच घट्ट होते. म्हणूनच ते गरम असताना वाटायचे. थंड झाल्यावर पुरणयंत्राचा दांडा फिरवताना मनगटाची परीक्षा होते. वेलदोडा आणि जायफळ शेवटी, कारण त्यांचा सुवास वाफेबरोबर उडून जातो.

“आणि पोळी फुटली तर?” फुटलेली पोळी कुठे फुटली ते पाहावे, ती स्वतःच सांगते. कडेला कोरड्या चिरा पडल्या तर कणीक घट्ट आहे किंवा मुरलेली नाही; तेलपाण्याचा हात लावून पुन्हा मळावी आणि अर्धा तास झाकावी. मुरताना कणकेतील ताण सैल होतो, आणि पुरणाभोवती ती न फाटता पसरते. मध्येच बारीक भोके पडून पुरण डोकावले तर डाळीची कणी राहिली आहे. पुरण पुन्हा वाटावे किंवा चाळणीतून घासून घ्यावे. ओलसर डाग पडून पोळी पोळपाटाला चिकटली तर पुरण सैल आहे. ते कढईत मंद आचेवर परतून कोरडे करावे, मात्र आता ते तळाला लवकर लागते, हात थांबवू नये. उलट पुरण भुगा झाले असेल तर चमचाभर कोमट दूध शिंपडून मळावे. या चारही गोष्टी पहिल्या पोळीवरच कळतात. म्हणून पहिली पोळी पाहुण्यांच्या पानात वाढण्याचा बेत कोणी करू नये.

शेवटचा प्रश्न तिने अकरा वाजून गेल्यावर विचारला, तेव्हा आम्ही झोपेस आलो होतो. “काका, कणीक आताच रात्री मळून ठेवली तर सकाळचं एक काम कमी होईल ना?” होईल. दोन तास ही कमीत कमी मुदत आहे, जास्तीत जास्त नव्हे. पण फाल्गुनात रात्रीदेखील उकाडा असतो आणि बाहेर राहिलेली कणीक आंबते. शीतकपाटात ठेवावी, आणि सकाळी दहाला बाहेर काढावी, म्हणजे सव्वाअकरापर्यंत ती पुन्हा सैल होईल.