उमेदवाराची पंधरा मिनिटे आणि मशिदीचे अंगण

(मशीद समित्यांच्या तरुण सदस्यांसाठी झालेल्या शिबिरातील भाषण)



मी सॉफ्टवेअर इंजिनिअर आहे, आलिम नाही आणि वकीलही नाही. आमच्या मोहल्ल्यातल्या मशिदीच्या समितीत मी चिटणीस आहे. म्हणजे पावतीबुके, लाईट बिल आणि पत्रव्यवहार माझ्याकडे असतो. आजचा विषय पत्रव्यवहाराचाच आहे. एखादा पक्ष किंवा उमेदवार मशिदीची जागा कार्यक्रमासाठी मागतो, तेव्हा नाही कसे म्हणायचे?

ही मागणी ‘आम्हाला मशिदीत सभा घ्यायची आहे’ अशा शब्दांत कधीच येत नाही. कधी सत्कार असतो, कधी इफ्तार, कधी ‘मोहल्ल्याच्या समस्यांवर बैठक’. महापालिकेच्या निवडणुकीआधी आमच्याकडे ती आली एका बुजुर्ग सदस्यांमार्फत. त्यांना आम्ही सगळे चाचा म्हणतो. चाचा म्हणाले, ‘बेटा, येत्या जुम्याला नमाजनंतर वरच्या हॉलमध्ये लोकांना थांबायला सांगू. उमेदवार येतील, पंधरा मिनिटे बोलतील. पाण्याच्या लाईनचे काम त्यांनीच करून दिले होते, विसरू नकोस. आणि मशिदीला नवी साउंड सिस्टीमही देणार आहेत.’

यातले प्रत्येक वाक्य खरे होते. पाण्याची लाईन त्यांनीच मिळवून दिली होती. आमचा ॲम्प्लिफायर खरोखर खरखरत होता. चाचांनी या मशिदीसाठी चाळीस वर्षे दिली आहेत. म्हणून नकार अवघड होता. वाईट माणसाला नाही म्हणायला फार अक्कल लागत नाही.

मी चाचांना एवढेच सांगितले की हे एकट्याने ठरवायचे काम नाही, उमेदवारांकडून लेखी अर्ज मागवू या, समिती दोन दिवसांत उत्तर देईल. लेखी अर्ज मागितल्याने दोन गोष्टी होतात. निम्म्या मागण्या तिथेच विरतात, कारण ‘मशिदीत प्रचाराला जागा द्या’ असे कागदावर लिहायला कोणी तयार नसते. आणि जो अर्ज देतो, त्याला कार्यक्रमाचे स्वरूप लिहावे लागते. इथे अर्ज आला. त्यात लिहिले होते, ‘प्रभागातील उमेदवाराचा नमाजी बांधवांशी संवाद.’ मग चर्चा सोपी झाली.

त्याच दिवशी कळले की कार्यकर्त्यांनी इमाम साहेबांनाही परस्पर फोन केला होता. याकडे नीट लक्ष द्या. इमाम साहेब बाहेरगावचे, पगार तुटपुंजा, राहणे मशिदीच्या खोलीत. मोहल्ल्यातल्या वजनदार माणसाला ते एकटे नाही कसे म्हणणार? आणि कायदा त्यांना सोडत नाही. धार्मिक संस्था (दुरुपयोग प्रतिबंध) अधिनियम, १९८८ यात ‘व्यवस्थापक’ या शब्दाची व्याख्या रुंद आहे. संस्थेचा कारभार एकट्याने किंवा इतरांबरोबर पाहणारा प्रत्येक माणूस त्यात येतो, आणि धार्मिक पदावरच्या व्यक्तीचा तर वेगळा उल्लेख आहे. सदर, मुतवल्ली, चिटणीस, कारभारात हात असलेले इमाम, कोणीही सुटत नाही.

हा कायदा पंजाबच्या त्या पेटलेल्या काळात आला, पण लागू सगळ्यांना आहे. मंदिर, गुरुद्वारा, चर्च, मशीद असा भेद त्यात नाही. कलम ३ म्हणते की संस्थेच्या ताब्यातली जागा राजकीय कार्याच्या प्रचारासाठी वापरू नये आणि वापरू देऊ नये. कलम ५ तेच पैशांबद्दल आणि मालमत्तेबद्दल सांगते. कलम ६ संस्थेने भरवलेल्या जमावाबद्दल आहे, म्हणजे जुम्याची गर्दी त्यात आली. शिक्षा पाच वर्षांपर्यंत कैद आणि दहा हजार रुपयांपर्यंत दंड. दोषी ठरलेला माणूस पदावरून जातो आणि सहा वर्षे कुठल्याही धार्मिक संस्थेत पद घेऊ शकत नाही. उमेदवार पंधरा मिनिटे बोलून निघून जातो, फाईल मात्र आपल्या नावाने उघडते. आपल्या मोहल्ल्यातली फाईल किती लवकर उघडते, हे तुम्हाला मी सांगायला नको.

पुष्कळ जण निवडणूक आचारसंहितेवर बोट ठेवतात. मशिदी, चर्च, मंदिरे यांचा प्रचारासाठी वापर करू नये, असे निवडणूक आयोगाच्या आदर्श आचारसंहितेत स्पष्ट म्हटले आहे, हे खरे. पण आचारसंहिता निवडणूक जाहीर झाल्यापासून ती पूर्ण होईपर्यंतच असते. १९८८ चा कायदा बारा महिने असतो. तुम्ही पत्रात ‘आचारसंहिता असल्यामुळे’ लिहिलेत, तर निकालानंतर विजयी उमेदवाराच्या सत्कारासाठी तोच अर्ज परत येईल.

आता समितीची बैठक. आम्ही सात जण. एक सदस्य त्याच पक्षाचे वॉर्ड पदाधिकारी आहेत. आमचा जुना ठराव आहे की असा विषय निघाला की संबंधित सदस्याने बाहेर बसायचे. ते कुरबूर न करता उठले, बाहेर चहा पीत बसले. आत सर्वांत कठीण प्रश्न एका शिकलेल्या तरुणाने विचारला. तो म्हणाला, ‘मस्जिद-ए-नबवीत शिष्टमंडळे यायची, सार्वजनिक निर्णय व्हायचे. मग इस्लाममध्ये मशीद आणि राजकारण वेगळे कुठे आहे?’

हा प्रश्न टाळू नका, तो तुमच्याकडेही येईल. माझे उत्तर असे होते की तिथे जे चालायचे, ते सगळ्या जमातीचे काम होते. पक्ष म्हणजे जमातीचा एक तुकडा, आणि तो दुसऱ्या तुकड्याविरुद्ध मत मागायला येतो. मशिदीत खरेदी-विक्री करण्याला, हरवलेली वस्तू पुकारण्याला मनाई करणाऱ्या हदीस आपण सगळ्यांनी ऐकल्या आहेत. हरवलेला उंट पुकारायला जिथे जागा नाही, तिथे मत पुकारायला कशी असेल? इमाम साहेबांनी मान हलवली. शिवाय आमच्या पहिल्या सफेत त्या निवडणुकीत तीन वेगवेगळ्या पक्षांचे लोक खांद्याला खांदा लावून उभे राहत होते. हॉल एकाला दिला असता, तर दुसऱ्या जुम्याला बाकीचे दोघे शेजारच्या मोहल्ल्यात नमाज पढायला गेले असते.

ठराव झाला. पत्र मी लिहिले. ते पूर्ण वाचतो, लहान आहे:

‘आपला अर्ज मिळाला. मशिदीची इमारत, अंगण, वरचा हॉल, लाउडस्पीकर, सूचनाफलक आणि मशिदीचा व्हॉट्सॲप ग्रुप यांपैकी काहीही कोणत्याही राजकीय पक्षाच्या अथवा उमेदवाराच्या कार्यक्रमासाठी देता येत नाही. हा निर्णय सर्व पक्षांना व अपक्षांना सारखाच लागू आहे. धार्मिक संस्था (दुरुपयोग प्रतिबंध) अधिनियम, १९८८ नुसार अशी परवानगी देणे समितीच्या अधिकारात नाही. आपण मोहल्ल्यासाठी केलेल्या कामाची आम्हाला जाण आहे. नमाजसाठी आपले नेहमीच स्वागत आहे.’

पत्रात काय नाही ते बघा. ‘सध्या’ नाही, ‘या वेळी’ नाही, ‘हॉलचे रंगकाम चालू आहे’ नाही. रंगकामाचा बहाणा नम्र वाटतो, पण बहाण्याला तारीख असते. रंग वाळला की माणूस पुन्हा दारात उभा. माझ्या धंद्याच्या भाषेत सांगायचे तर हा तात्पुरता पॅच आहे, आणि तात्पुरते पॅच दहा वर्षे टिकतात, तेही चुकीच्या जागी. दुसरे म्हणजे पत्रात त्यांच्या पक्षाबद्दल एक शब्द नाही. चांगला नाही, वाईटही नाही.

पत्र मी व्हॉट्सॲपवर पाठवले नाही. सदर साहेब आणि मी चाचांना सोबत घेऊन उमेदवारांच्या घरी गेलो, पत्र हातात दिले, दुसऱ्या प्रतीवर पोच घेतली. चाचांना सोबत नेणे आवश्यक होते. नाहीतर मागणी त्यांची आणि नकार पोरांचा, असे झाले असते. उमेदवार म्हणाले, ‘दुसऱ्या धर्मस्थळांत तर सर्रास चालते.’ सदर साहेब म्हणाले, ‘साहेब, तिथली सही आमची नाही.’ चहा झाला. साउंड सिस्टीमबद्दल आम्ही सांगितले की निवडणुकीआधी घेता येणार नाही. नंतर वैयक्तिक देणगी म्हणून, रीतसर पावतीवर, नावाची पाटी न लावता अवश्य द्या. ती काही आली नाही. ॲम्प्लिफायर आम्ही दुरुस्त करून घेतला.

त्यांनी सभा जवळच्या शादीखान्यात घेतली. आमचे बरेच नमाजी गेले, चाचाही गेले. त्याला कोणाची हरकत असण्याचे कारणच नाही. मशीद तटस्थ आहे, नमाजी मतदार आहेत.

जुम्याच्या दिवशी उमेदवार नमाजला आले. अशा वेळी माइकवरून ‘आज आपल्यात अमुक साहेब हजर आहेत’ असे म्हणायची आपल्याकडे सवय आहे. ते एक वाक्यही प्रचारच आहे, म्हणून आम्ही इमाम साहेबांशी आधीच बोलून ठेवले होते. कार्यकर्ते पक्षाचा गमछा घालून आले. नमाजपासून कोणाला अडवायचे नाही, फक्त गमछा घडी करून खिशात ठेवायला सांगितले, त्यांनी ठेवला. पत्रके फाटकाबाहेर रस्त्यावर वाटली. रस्ता आमचा नाही. एक जण वजूखान्याजवळ वाटू लागला, त्याला हात धरून फाटकाबाहेर नेले. संध्याकाळी अंगणातला एक फोटो पक्षाच्या चिन्हासह फेसबुकवर दिसला. तो टाकणाऱ्या मुलाला मी फोन केला आणि अर्ध्या तासात फोटो निघाला. स्क्रीनशॉट आणि काढल्याची वेळ मी पत्राच्या फाईलला लावून ठेवली आहे.

पुढच्या आठवड्यात विरोधी उमेदवाराचा माणूस आला. तो जागा मागायला आला नव्हता, त्याला खात्री करायची होती. मी त्याला पत्राची प्रत दाखवली. त्याने ती दोनदा वाचली आणि विचारले, ‘आमच्यासाठीही हेच?’ मी म्हणालो, ‘नाव आणि तारीख फक्त बदलेल.’

एक बाब मी मुद्दाम चर्चेसाठी ठेवली आहे. मशिदीच्या मालकीचा दुकानगाळा भाड्याने आहे आणि भाडेकरूने त्यात प्रचार कार्यालय उघडले, तर काय? कलमात ‘संस्थेच्या मालकीची किंवा ताब्यातली जागा’ असे शब्द आहेत. त्यामुळे आम्ही नव्या भाडेकरारात पक्षकार्यालयाला मनाई करणारी अट घातली. जुन्या भाडेकरूंचे करार मात्र तसेच आहेत, त्यांना नोटीस कशी द्यायची यावर आमच्या वकिलांशी बोलणे चालू आहे. तुमच्यापैकी कोणाच्या मशिदीचे गाळे असतील, तर चहानंतर करारपत्रे घेऊन बसू.