एका दमात चार सूचना

'वही काढा, तारीख घाला, पान ४२ वरचं तिसरं गणित सोडवा आणि वही टेबलावर ठेवा.' एका दमात चार कामं. एडीएचडी असलेलं मूल वही काढतं आणि थांबतं. हा हट्ट नव्हे. ऐकलेलं मनात धरून त्यानुसार काम करण्याची, म्हणजे कार्यस्मृतीची क्षमता अशा अनेक मुलांत कमी पडते. म्हणून तीच सूचना मोठ्या आवाजात पुन्हा दिल्यानं फरक पडत नाही; ती डोळ्यांसमोर राहायला हवी. फळ्यावर चार छोट्या ओळी लिहा, पहिल्या दोनच सांगा, 'आधी काय करणार?' असं मुलाला हळूच विचारा आणि झालेल्या ओळीवर त्याला खूण करू द्या. एकेक पायरी देऊनही गणित अडलं, तर अडचण फक्त स्मृतीची नसून गणिताचीही असू शकते.

मोठ्या वर्गात हे कसं जमणार, ही शंका रास्त आहे. पण फळ्यावरच्या ओळी सगळ्यांसाठीच असतात. वेगळा लागतो तो फक्त 'आधी काय करणार?' हा एक प्रश्न. मूल परावलंबी होईल, ही भीतीही समजण्यासारखी आहे. त्यासाठी आधार टप्प्याटप्प्यानं कमी करा: आधी पूर्ण ओळी, मग एकेक शब्द, पुढे यादी मुलानंच लिहायची. चुका वाढल्या, तर एक टप्पा मागे या. शिक्षकहो, उद्याच्या एका तासाला एवढं करून पाहा.